अंड्यापासून कोषापर्यंत : कोकणच्या दमट हवेत रेशीम कीटकांचे संगोपन
(रेशीम उद्योग प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान)



तुतीची लागवड, खड्डे, खते, छाटणी हा भाग आपण कालपर्यंत पाहिला. आज पाला खाणाऱ्या प्राण्याकडे वळू. रेशीम कीटकाच्या चार अवस्था आपण शाळेत पाठ केलेल्या असतात : अंडी, अळी, कोषातला प्युपा आणि पतंग. पण ज्याला कोष विकायचे आहेत त्याला एवढ्याने भागत नाही. या कीटकाची गरज दर आठवड्याला बदलते. पहिल्या आठवड्यात त्याला जे हवे असते तेच चौथ्या आठवड्यात त्याला मारते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात ही गोष्ट ओलाव्याच्या बाबतीत फारच खरी आहे. म्हणून आजचे सर्व विवेचन मी एका ओलाव्याच्या धाग्यावर बांधणार आहे. बाकीच्या गोष्टी ओघाने येतील.

महाराष्ट्रात रेशीम उद्योग मराठवाड्यात जास्त रुजला. तिथल्या कोरड्या हवेत शेतकऱ्याचा झगडा असतो तो कीटकगृहात ओलावा कसा वाढवायचा याचा. त्यामुळे तिकडच्या शेतकऱ्याचे पाहून कीटकगृहात गोणपाट भिजवून लावायचे, जमिनीवर पाणी मारायचे, हे उपाय आपल्याकडे जसेच्या तसे उचलू नयेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेर आपली हवाच पाण्याने भरलेली असते. जांभ्याची उघडी भिंत ते पाणी पिऊन बसते आणि पाऊस थांबला तरी पुढे बरेच दिवस ओल सोडत राहते. कीटकगृह जांभ्याचे बांधायचे असेल तर आतून सिमेंटचा गिलावा करून घ्यावा. असा गिलावा धुता येतो आणि त्यावर औषध फवारता येते. खडबडीत जांभ्याच्या भोकांत मात्र रोगाचे बीज वर्षभर टिकून राहते.

ओलावा डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून मोजण्याचे साधन घ्यावे. ओला-कोरडा तापमापक म्हणून मिळतो तो पुरेसा आहे. दोन नळ्या असतात, एकीच्या फुग्यावर भिजलेली वात असते. कोरडी नळी २५ अंश दाखवत असेल आणि ओली २३, म्हणजे फरक २ अंशांचा, तर हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास आहे. फरक ४ अंशांचा असेल तर ती ७० टक्क्यांच्या आसपास आहे. एवढे दोन आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवा. छोट्या अळ्यांना २ अंशांचा फरक चालतो, मोठ्या अळ्यांना ४ अंशांचा लागतो. वात रोज ओली आहे ना हे पाहावे. ती सुकली की दोन्ही नळ्या सारखेच तापमान दाखवतात आणि आपण उगाच घाबरतो.

आता एक पीक प्रत्यक्ष घेऊन पाहू. समजा आपण १०० अंडीपुंजांची बॅच घेतली आणि अळ्या ५ ऑक्टोबरला बाहेर येतील असे ठरवले. ऑक्टोबर मी मुद्दाम निवडला. पावसाळ्यात वाढलेली तुती तेव्हा पाल्याने भरलेली असते, हवा कोरडी होऊ लागलेली असते आणि आंब्यावरची मोठी फवारणी अजून सुरू झालेली नसते. अडचण एकच आहे, भातकापणी. ती नेमकी याच महिन्यात येते, आणि त्याबद्दल मी पुढे बोलणार आहे.

एका मादी पतंगाने घातलेल्या अंड्यांचा समूह म्हणजे एक अंडीपुंज. त्यात साधारण ४०० ते ५०० अंडी असतात. म्हणजे आपल्याकडे सुमारे ४५ हजार अंडी येणार. पांढरे कोष देणाऱ्या दुबार जातीची अंडी निसर्गात थंडीभर झोपून राहतात. बीजगुणन केंद्रात त्यांना हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया देऊन ही झोप मोडतात. त्यानंतर २५ अंश तापमान आणि ७५ ते ८० टक्के आर्द्रतेत ती दहा-अकरा दिवसांत फुटतात. कोणी विचारेल, आपल्याच कोषातले पतंग काढून अंडी का तयार करू नयेत? दोन कारणे आहेत. आपण पाळतो तो संकर असतो. त्याची पुढची पिढी एकसारखी निघत नाही, काही कोष मोठे तर काही चिरमुटलेले येतात. दुसरे कारण पेब्रिन रोगाचे. हा रोग आईच्या पोटातून अंड्यात उतरतो. अंडी घातल्यावर मादीला खलून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत लुई पाश्चरने १८६५ ते १८७० या काळात फ्रान्समध्ये बसवली, आणि बीजगुणन केंद्रे आजही त्याच तत्त्वावर चालतात. ही तपासणी घरी होत नाही. म्हणून अंडीपुंज प्रमाणित केंद्रातूनच घ्यावेत.

अंडीपुंज आणताना ते सकाळी किंवा संध्याकाळी गारव्यात आणावेत. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालू नयेत, कारण अंड्यातला जीव श्वास घेत असतो. एसटीच्या टपावर किंवा खताच्या गोणीशेजारी तर मुळीच ठेवू नयेत. घरी आणल्यावर ते कागदावर पातळ पसरून ठेवावेत. फुटण्याच्या दोन दिवस आधी प्रत्येक अंड्यात टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसू लागतो. ते आतल्या अळीचे डोके. दुसऱ्या दिवशी सबंध अंडे निळसर होते. ठिपका दिसताच अंडी काळ्या कापडात किंवा काळ्या कागदाच्या पेटीत अंधारात ठेवावीत. पुढे गेलेली अळी अंधारात थांबते आणि मागे राहिलेली तिला गाठते. तिसऱ्या दिवशी पहाटे झाकण काढून उजेड दिला की बहुतेक अळ्या त्याच सकाळी, दोन-तीन तासांत बाहेर येतात. काहींना अंधाराचा हा खटाटोप वाटतो. पण एकाच दिवशी जन्मलेल्या अळ्या एकाच दिवशी कात टाकतात आणि एकाच दिवशी कोष करतात. बॅच दोन दिवसांत विभागली गेली तर शेवटपर्यंत दोन बॅचांचे काम होते, आणि एकीला दिलेला पाला दुसरीच्या अंगावर पडतो.

५ ऑक्टोबरला बाहेर आलेली अळी तीन मिलिमीटर लांब, काळपट आणि केसाळ असते. वजन अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी भरते. पंचवीस दिवसांत तिला सुमारे दहा हजार पट वाढायचे असते. तिची कातडी मात्र फार ताणत नाही, म्हणून चार वेळा कात टाकावी लागते आणि अळीचे आयुष्य पाच टप्प्यांत विभागले जाते. पहिल्या दोन टप्प्यांना आपण चॉकी म्हणतो.

चॉकीतल्या अळीला ओलावा लागतो तो का, हे समजून घ्या. लहान जीवाचे अंग वजनाच्या मानाने फार उघडे असते, त्यामुळे तो लवकर सुकतो. शिवाय तिचे तोंड इतके नाजूक असते की सुकलेला पाला तिला कुरतडता येत नाही. आपण तिला शेंड्याकडचा कोवळा, चकचकीत पाला अर्ध्या ते दोन सेंटिमीटरच्या चौकोनात चिरून देतो, आणि चिरलेला पाला तासा-दोन तासांत कोमेजतो. म्हणून २७ ते २८ अंश तापमान, ८५ ते ९० टक्के आर्द्रता, बेडच्या खाली-वर मेणकागद आणि कडेने भिजवलेल्या फोमच्या पट्ट्या अशी तिची व्यवस्था असते. पाला देण्याच्या अर्धा तास आधी वरचा कागद काढावा, म्हणजे कोंदलेली हवा निघून जाते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या तापमानासाठी आणि ओलाव्यासाठी फारसे काही करावे लागत नाही. कोकणची हवा चॉकीला दाईसारखी आहे. डिसेंबर-जानेवारीत मात्र दापोलीसारख्या उंचावरच्या गावी रात्र बरीच गारठते. तेव्हा विजेचा हीटर लावावा. धूर करणारी शेगडी आत नेऊ नये.

एक बारीक पण प्राणघातक गोष्ट इथेच सांगतो. कीटकगृहात किंवा शेजारच्या खोलीत डासांची अगरबत्ती किंवा वडी लावू नये. डास मारणारे औषध अळीलाही मारते. मुंग्यांसाठी पावडर टाकू नये, रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. तंबाखू मळलेल्या हाताने पाला चिरू नये.

पहिल्या टप्प्यात सर्व ४०-४२ हजार अळ्या मिळून दोन-अडीच किलो पाला खातात आणि चौदा चौरस फूट जागेत मावतात. ८ ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्या पहिल्या कातेवर बसतील. बसण्याची खूण अशी : खाणे थांबते, अंग ताणून चकाकते, डोके वर उचललेले राहते आणि अळी हलत नाही. दहातल्या नऊ अळ्या अशा दिसल्या की पाला बंद करावा, वरचा मेणकागद आणि फोम काढून टाकावे आणि चाळलेल्या चुन्याची भुकटी हलक्या हाताने बेडवर धुरळावी. इथेच ओलाव्याचे गणित प्रथम उलटते. कातेत बसलेल्या अळीला कोरडे हवे असते. उरलेला पाला सुकला पाहिजे. तो ओला राहिला तर लवकर उठलेल्या चार अळ्या तो खायला लागतात आणि बॅच पुन्हा फुटते. शिवाय जुनी कात दमट हवेत नीट सुटत नाही. चोवीस तासांच्या आत-बाहेर अळ्या उठतात. उठलेल्या अळीचे डोके नवे, मोठे, फिक्या रंगाचे असते आणि अंग सैल दिसते. दहातल्या नऊ उठल्याशिवाय पाला देऊ नये. घरातील मंडळींना उपाशी अळ्यांची दया येते, पण हे अर्ध्या दिवसाचे थांबणे अळ्यांना सोसते.

दुसरा टप्पा ११ तारखेपर्यंत, तिसरा १६ पर्यंत. तिसऱ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर आणि तापमान २६ वर आणावे, मेणकागद बंद करावा. आता पाला चिरण्याऐवजी फांद्या दिल्या तरी चालतात. हे तिन्ही टप्पे मिळून तीस-पस्तीस किलो पाला लागतो. अलीकडे बरेच शेतकरी चॉकी केंद्रातून दुसरी कात झालेल्या अळ्या विकत घेतात. जवळपास असे केंद्र असेल तर ही सोय चांगली आहे, कारण चॉकीला चोवीस तास माणूस लागतो. मात्र घाटातून आणताना उन्हात आणू नये, आणि अळ्या कातेत असतानाच प्रवास घडवावा.

१७ ऑक्टोबरनंतर खरी परीक्षा सुरू होते. चौथ्या टप्प्याच्या अळ्यांना ७० ते ७५ टक्के आर्द्रता आणि २५ अंश तापमान लागते. पाचव्या टप्प्यात ६५ ते ७० टक्के आणि २४ अंश. आपल्या हवेत हे आपोआप मिळत नाही. कारण पाहा. तुतीच्या ताज्या पाल्यात दर शंभर ग्रॅममागे सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम पाणीच असते. मोठी अळी रात्रंदिवस खाते आणि ते पाणी तिला श्वासछिद्रांतून, कातडीतून आणि विष्ठेतून बाहेर टाकावे लागते. बाहेरची हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर ते जाणार कुठे? अळीचे अंग आतून कोंदते, ती सुस्त होते, विष्ठा घट्ट गोळीऐवजी मऊ पडू लागते. खालचा पाला-विष्ठेचा थर गरम होऊन आंबतो. त्यावरून फ्लॅचरी येते. अळी मऊ पडते, काळी होते आणि उचलली तर बोटांत फुटून दुर्गंधी येते.

दमट हवेचा आपल्या भागातला दुसरा शत्रू म्हणजे मस्कार्डिन. हा बुरशीचा रोग आहे. इटलीतील अगोस्तिनो बासी याने १८३५ मध्ये दाखवून दिले की रेशीम अळ्या पांढऱ्या पडून मरतात ते एका सूक्ष्म बुरशीमुळे. प्राण्याचा रोग सूक्ष्मजीवामुळे होतो हे सिद्ध झालेले ते अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक आहे. त्या बुरशीला आज ब्यूव्हेरिया बॅसियाना असे बासीचेच नाव आहे. इतर रोग बहुतांशी अळीच्या तोंडावाटे शिरतात. ही बुरशी मात्र थेट कातडीतून आत जाते. बीज अळीच्या अंगावर पडले तरी कोरड्या हवेत ते निपचित राहते. आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे गेली की ते रुजते. मग चार-पाच दिवसांत अळी मरते. आधी मऊ असते, नंतर काठीसारखी कडक होते आणि वर खडूची पूड चढते. ती पूड म्हणजे नव्या बीजांचा साठा. अशी एक अळी बेडवर पंख्याच्या वाऱ्यात राहिली तर ती सबंध खोलीला पेरते. कडक झालेली अळी पांढरी होण्याआधीच चिमट्याने उचलून चुना आणि ब्लीचिंग पावडरच्या भांड्यात टाकावी आणि नंतर जाळावी. अंगणात किंवा शेणखताच्या खड्ड्यात फेकू नये. कोंबड्यांनाही घालू नये.

आता कोणी म्हणेल, रोग ओळखून करायचे काय, औषध सांगा. आजारी अळीला बरे करणारे औषध नाही. जे काही करायचे ते अळी यायच्या आधी आणि अळी निरोगी असताना. अंडी आणण्याच्या चार-पाच दिवस आधी कीटकगृह, रॅक, ट्रे धुऊन १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर आणि ३० ग्रॅम विरी गेलेला चुना मिसळून भिंती, छत, जमीन चिंब होईपर्यंत फवारावे. ब्लीचिंग पावडर ताजी असावी. आपल्या हवेत उघड्या पिशवीतली पावडर लवकर निकामी होते. वास उडाला असेल तर ती टाकून द्यावी. पुढे प्रत्येक कातेनंतर, पहिला पाला देण्याच्या अर्धा तास आधी, ‘विजेता’सारखी बेड निर्जंतुक करणारी भुकटी अळ्यांच्या अंगावर धुरळावी. पाचव्या टप्प्याच्या चौथ्या दिवशी आणखी एकदा. चुन्याची भुकटी मात्र हवेत ओल वाढली की मध्येही टाकावी. ती बेडमधले पाणी ओढून घेते.

ओल कमी करण्याचा मुख्य उपाय भुकटी नसून हवा आहे. समोरासमोरच्या खिडक्या, छताजवळ गरम हवा निघायला झडपा, आणि खिडक्यांना उझी माशीसाठी बारीक जाळी असावी. उझी माशी अळीच्या अंगावर अंडे घालते, तिथे काळा डाग पडतो आणि आतला किडा अळीला पोखरतो. ऑक्टोबरात दुपारी पारा ३२-३३ वर गेला की लोक खिडक्या लावून आत पाणी मारतात. त्यापेक्षा बाहेरून छपरावर पेंढा किंवा नारळाची झापे टाकून त्यावर पाणी शिंपडावे आणि आत वारा खेळू द्यावा. परतीच्या पावसाचे मळभ आले, तापमापकातला फरक ३ अंशांच्या खाली आला, तर त्या दिवशी पाला नेहमीपेक्षा थोडा कमी द्यावा, बेड विरळ करावा, चुना टाकावा. बेड दाट असेल तर खोलीत ७० टक्के आर्द्रता दिसली तरी अळ्यांच्या पोटाखाली ती ९० असते. या बॅचला चौथ्या टप्प्याच्या शेवटी १८० चौरस फूट आणि पाचव्यात किमान ४५० ते ५०० चौरस फूट जागा लागेल. जागा नसेल तर १०० ऐवजी ७५ अंडीपुंज घ्यावेत, पण दाटी करू नये.

ओला पाला कधीही देऊ नये. ऑक्टोबरात पहाटे दव भरपूर पडते. दव उतरल्यावर, ऊन चढण्याआधी फांद्या तोडाव्यात आणि सावलीत उभ्या ठेवाव्यात. पावसात तोडाव्याच लागल्या तर पडवीत दोरीवर टांगून, झटकून, पाणी निथळल्यावर द्याव्यात.

२१-२२ ऑक्टोबरला चौथी कात होईल. इथे थांबून एक हिशेब करा. या बॅचला एकूण सुमारे ९०० किलो पाला लागणार आहे. त्यातला चौथ्या कातेपर्यंत जेमतेम १३०-१४० किलो संपलेला असतो. उरलेला ७५० किलोहून जास्त पाला शेवटच्या आठ दिवसांत जातो. म्हणजे अळ्यांत काही बिघाड असेल तर तो ओळखण्याची ही शेवटची स्वस्त वेळ. चौथ्या कातेवर न बसलेल्या, सगळे झोपले असताना बेडच्या कडेला भटकणाऱ्या, सांध्यांवर फुगलेल्या अळ्या दिसतात का पाहा. अशा अळीच्या पायाला टाचणी लावली आणि दुधासारखा पांढरा द्राव आला तर तो ग्रासरी हा विषाणूचा रोग आहे. अशा दहा-वीस अळ्या असतील तर वेचून जाळा आणि पुढे चला. शेकड्याने असतील तर बॅच तिथेच थांबवून पाला वाचवावा. हा निर्णय जड जातो हे मला ठाऊक आहे. पण पाचव्या टप्प्यात नेऊन मरणाऱ्या बॅचबरोबर आठ दिवसांची मजुरी आणि सगळा पाला जातो, आणि खोलीत रोगाचे बीज कितीतरी पट वाढते.

२३ ते ३० ऑक्टोबर हे दिवस रोज सरासरी नव्वद-शंभर किलो पाल्याचे. घरातली सगळी माणसे त्याच वेळी भात कापायला हवी असतात. म्हणून बॅचची तारीख ठरवताना आपले भात हळवे आहे की गरवे हे आधी पाहावे. अळ्या बाहेर येण्याच्या तारखेत तीन आठवडे मिळवा. त्या आठवड्यात कापणी येत असेल तर बॅच आधी किंवा नंतर करावी. पाचव्या टप्प्यात एक वेळचा पाला चुकला तर तो कोषाच्या वजनात दिसतो, कारण याच दिवसांत अळीची रेशीमग्रंथी भरते. शेवटी त्या ग्रंथीचे वजन अळीच्या वजनाच्या सुमारे चाळीस टक्के होते.

बॅच नोव्हेंबरात सरकली तर मात्र आंब्याचा विचार करावा. पालवी आणि मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी जी कीटकनाशके बागेत मारतात, त्यांचा अंशही तुतीवर पडला तर पुरे. विषबाधा झालेली अळी डोके झटकते, तोंडातून हिरवट द्राव ओकते, अंग आखडून लहान होते आणि तासाभरात बेड मेलेला दिसतो. रोगाने एवढ्या झटक्यात मरण येत नाही, यावरून ओळखावे. आपल्याकडे दुपारचा वारा समुद्राकडून येतो, म्हणून बाग तुतीच्या पश्चिमेला असणे जास्त धोक्याचे. शेजाऱ्याशी बोलून त्याच्या फवारणीच्या तारखा माहीत करून घ्याव्यात. शंका असेल तर कडेच्या ओळीतला पाला वीस-पंचवीस अळ्यांना वेगळ्या ट्रेमध्ये एक दिवस घालून पाहावा आणि मगच बेडवर द्यावा.

३० ऑक्टोबरच्या सुमारास अळी खाणे सोडते. अंग थोडे आखूड, पिवळसर आणि उजेडाविरुद्ध धरले तर आरपार दिसते. डोके उचलून ती आधार शोधू लागते. अशा अळ्या वेचून चंद्रिकेवर सोडाव्यात. सहा बाय चार फुटांच्या एका चंद्रिकेवर हजारापर्यंत अळ्या घालाव्यात, म्हणजे ४० चंद्रिका लागतील. दाटी केली तर दोन अळ्या मिळून एकच कोष करतात, आणि अशा जोडकोषाचा धागा उलगडत नाही.

आता ओलाव्याचा शेवटचा आणि सर्वात मोठा प्रश्न. चंद्रिकेवर चढणारी अळी तीन-साडेतीन ग्रॅमची असते. तिच्यापासून तयार झालेला कोष, आतल्या प्युपासकट, पावणेदोन ग्रॅमचा भरतो. मधला दीड ग्रॅम गेला कुठे? अळी शेवटची ओली विष्ठा आणि मूत्र टाकते आणि बाकीचे पाणी हवेत जाते. ३८ हजार अळ्या धरल्या तर दोन-तीन दिवसांत तुमच्या खोलीत पन्नास लिटरहून अधिक पाणी सुटते. आपल्या दमट हवेत हे पाणी कोषावरच बसते. रेशमाच्या धाग्यावर सेरिसिन नावाचा डिंक असतो. अळी डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत थरावर थर घालते. हा डिंक वेळेवर सुकला तर कारखान्यात गरम पाण्यात धागा सहज सुटतो. तो ओलाच राहिला तर थर एकमेकांना घट्ट चिकटतात आणि हजार मीटरचा धागा जागोजागी तुटतो. कोष दिसायला पांढरा आणि भरीव, पण खरेदीदार त्याचा भाव पाडतो. म्हणून चंद्रिका जमिनीपासून वर, एकमेकींत हातभर अंतर ठेवून, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही अशा पडवीत तिरप्या उभ्या कराव्यात. खाली कागद किंवा कोरडा पेंढा पसरून तो दुसऱ्या दिवशी बदलावा. आर्द्रता ६० ते ६५ टक्के हवी. तापमापकात ५ अंशांचा फरक दिसला पाहिजे. कोष करताना मेलेल्या अळ्या आणि ओले डाग पडलेले कोष पहिल्या दोन दिवसांतच वेचून काढावेत.

कोष तिसऱ्या दिवशी पुरा दिसतो म्हणून तोडू नये. आत अळी अजून प्युपा व्हायची असते. नंतरही प्युपा सुरुवातीला पांढरा आणि लोण्यासारखा मऊ असतो, धक्क्याने फुटतो आणि कोष आतून डागाळतो. ६ नोव्हेंबरला, म्हणजे सातव्या दिवशी, दोन-चार कोष ब्लेडने कापून पाहावेत. प्युपा तपकिरी आणि कडक असेल तर कोष काढणी करावी. डागी, पातळ, जोडकोष वेगळे करावेत. चांगली बॅच असेल तर १०० अंडीपुंजांपासून ६० ते ६५ किलो कोष यावेत.

यानंतर वेळ थोडा असतो. ११-१२ नोव्हेंबरपासून पतंग कोष भोकाडून बाहेर येऊ लागतील, आणि भोक पडलेल्या कोषाचा अखंड धागा निघत नाही. जालन्याची कोष बाजारपेठ २०१८ मध्ये सुरू झाली, कर्नाटकात रामनगर येथे मोठा बाजार भरतो. दोन्ही ठिकाणे आपल्यापासून लांब आहेत. त्यामुळे काढणी सकाळी करून त्याच दिवशी रात्री गाडी निघेल असे आधीच ठरवावे, शक्य तर शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांची बॅच एकाच तारखेला घेऊन गाडीभाडे वाटून घ्यावे. कोष जाळीदार पिशवीत सैल भरावेत, एका पिशवीत पंधरा-वीस किलोंपेक्षा जास्त नको. आतला प्युपा अजून श्वास घेत असतो आणि ओल सोडत असतो. गोणीत दाबून भरलेले कोष घाट चढेपर्यंत घामाघूम होतात. पिशव्या गाडीत एकीवर एक न रचता उभ्या ठेवाव्यात आणि वर ताडपत्री घट्ट बांधू नये. कीटकगृहातला उरलेला कचरा त्याच दिवशी बाहेर काढून, तुतीच्या बागेपासून दूर खड्ड्यात चुन्याबरोबर पुरावा आणि ब्लीचिंगचे पाणी फवारून दारे लावून घ्यावीत.